सिगारेट सुटली, पण तिची सोबत सुटत नाही

अर्धा_कटिंग

आधीच सांगतो, हा 'सिगारेट कशी सोडू' असा धागा नाही. ती सुटून काही महिने झाले. रोजच्या बारा होत्या. आता ऑफिसात, गाडीवर, जेवणानंतर फारसं काही होत नाही. अडतं ते रात्री अकराला. घरातले सगळे झोपले की बाल्कनीत जाऊन दिवसातली शेवटची ओढायची, ही वीस वर्षांची रीत. आता अकरा वाजता बाल्कनीत जातो, कठड्याला टेकतो आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही. तलफ म्हणावी तर तशी नाही. रोज येणारं माणूस यायचं बंद झालंय असं वाटतं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, सवत गेली." हसलो, पण आत कुठेतरी वाईटच वाटलं.

दुसरी अडचण थोडी विचित्र आहे. हेल्थ चेकअपच्या फॉर्मवर 'धूम्रपान करता का' यापुढे पेन थांबतं. 'नाही' लिहिलं की खोटं बोलल्यासारखं वाटतं. मित्रांत मी अजूनही सुट्टेवालाच. मग मी आता आहे तरी कोण?

या विषयातल्या जाणकारांनी नेमकं काय करायचं ते सांगावं. 'मन खंबीर ठेवा' नको, ते सांगणारे घरात भरपूर आहेत.

बापूसाहेब

निकोटीन शरीरातून तीन दिवसांत जातं. त्यानंतर जे उरतं ते मनाचे लाड. लाड बंद करा. बाल्कनीच्या दाराला दहा वाजता कुलूप लावा, किल्ली बायकोकडे द्या, तोंडात लवंग धरा आणि झोपा. सिगारेटसाठी सुतक पाळणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय.

वृंदा_स

बापूसाहेबांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. निकोटीन रक्तात दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं, तीन दिवसांत ते नावालाही उरत नाही. चिडचिड, झोप उडणं यांचा जोर पहिल्या आठवड्यात असतो आणि बहुतेकांना तीन-चार आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. पण 'उरतात ते लाड' हे त्यातून निघत नाही. मेंदूने वीस वर्षांत एक जोडी घट्ट बांधली आहे: अकरा वाजले, अंधार, कठडा, आणि मग सिगारेट. निकोटीन गेल्याने ती जोडी सुटत नाही. ती सुटते ती जागा आणि ती वेळ सिगारेटशिवाय पुन्हा पुन्हा काढल्याने. दाराला कुलूप लावलं तर तेवढंच होणार नाही. सहा महिन्यांनी कुलूप काढाल तेव्हा जोडी होती तशीच समोर उभी राहील. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मात्र जागा टाळणं शहाणपणाचं. तेवढ्यापुरतं कुलूप मलाही मान्य.

कापूस, मी गेली बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात समुपदेशन करते. तुम्ही लिहिलंय ते आमच्याकडे नेहमी ऐकू येतं, पण बहुतेक जण तलफ ओसरल्यावर येणंच थांबवतात, म्हणून त्यावर बोलणं राहून जातं. काही सांगण्याआधी एक विचारते. सिगारेट होती तेव्हा पावणेअकरा ते सव्वाअकरा काय काय घडायचं? दिवा, फोन, चहा, कपडे, कोण जागं असायचं, नजर कुठे असायची, सगळं लिहा. आणि आता त्याच अर्ध्या तासात काय घडतं तेही.

(कापूस नव्हे, कटिंग. फोनच्या कीबोर्डची कृपा.)

कोल्हापूरची_माई

आमच्या सासूबाई मिश्री लावतात. सकाळी उठल्या की डबी घेऊन मागच्या पायरीवर बसतात, अर्धा तास कुणाशी बोलत नाहीत. डॉक्टरांनी हिरड्या बघून बंद करायला सांगितलं. डबी लपवली तर दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांना कसं सोडवायचं ते कुणी सांगेल का? इथे तंबाखूचं चाललंय म्हणून विचारलं.

अर्धा_कटिंग

कापूस चालेल, वजनाने हलका आहे.

वृंदाताई, लिहितो. आईची औषधं देऊन झाली की हॉलचा दिवा घालवायचो. फोन आत चार्जिंगला. अर्धा कप चहा स्वतःच करून घ्यायचो. बाल्कनीत डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो, तिथे मेलेल्या मोगऱ्याची कुंडी होती, तीच ॲशट्रे. सात-आठ मिनिटं. समोरच्या सोसायटीचा वॉचमन गेट लावायचा तिकडे नजर. दिवसभर कोण काय बोललं ते मनात फिरायचं, उद्याचं एखादं काम ठरायचं. मग दात घासून झोप. त्या वेळात कुणी हाक मारायचं नाही, 'बाबा बाल्कनीत आहेत' म्हणजे काय ते मुलांना माहीत होतं.

आता चहा तसाच करतो. फोन हातात असतो. दोन-तीन मिनिटांत आत येतो, कारण नुसतं उभं राहिलं की बायको विचारते, "काय झालं?" मग झोप एक-दीडपर्यंत येत नाही.

वृंदा_स

हे वाचलं की दिसतं, त्या एका सिगारेटकडे चार कामं होती. सोडताना चारही एकदमच बंद झाली आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. 'सिगारेटऐवजी काय' असा एकच प्रश्न विचारला की उत्तर लवंग, बडीशेप असलं काही येतं, आणि ते अपुरं पडतं, कारण लवंग त्यातलं एकही काम करत नाही.

पहिलं काम दिवस संपल्याची खूण. ही सगळ्यात सोपी. दिवा घालवणं, फोन आत ठेवणं, वॉचमनचं गेट, हे सगळं तुमच्याकडे अजून आहे. यातलं फोनचं काय ते तुम्ही मोडलंत, ते आधी दुरुस्त करा. फोन घेऊन बाल्कनीत गेलं की दिवस संपतच नाही.

दुसरं काम श्वास. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धरा. प्रत्येक झुरका म्हणजे खोल आत, क्षणभर थांबणं, मग लांब बाहेर. म्हणजे रोज रात्री सात-आठ मिनिटं तुम्ही संथ श्वसन करत होता आणि त्याने जे बरं वाटायचं त्याचं श्रेय सिगारेट घेऊन जात होती. तेवढंच परत घ्यायचं. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा ते आठ मोजत बाहेर, दहा वेळा. बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा लांब हवं, एवढंच पाळा. बोटांत पेन किंवा स्ट्रॉ धरून ओढल्याचं सोंग पहिल्या आठवड्यांत काहींना उपयोगी पडतं. इतक्या महिन्यांनी ते नको, त्याने हात-तोंडाची जुनी तालीम चालू राहते.

तिसरं काम एकटं राहण्याची परवानगी, आणि माझ्या मते तुमचं दुःख मुख्यतः इथे आहे. सिगारेट हातात असली की माणूस एकटा उभा राहिला तरी कुणी काही विचारत नाही. ती गेली आणि तुमचा एकटं असण्याचा परवानाच गेला. म्हणून बायको "काय झालं" विचारते, तुम्ही आत येता. यावर उपाय घरात बोलण्याचा आहे. एका वाक्यात सांगा: "अकराला मी दहा मिनिटं बाल्कनीत एकटा असणार आहे, मला काही झालेलं नाही." मुलांनाही सांगा. बहुतेक पुरुष हे वाक्य बोलतच नाहीत, कारण सिगारेटने ते इतकी वर्षं त्यांच्या वतीने बोलून ठेवलेलं असतं. ऑफिसातही हेच असतं. सिगारेट ओढणारा दिवसातून चारदा खाली जातो. न ओढणाऱ्याने असं उगाच खाली जायचं नसतं, असा अलिखित नियम. सोडणारा माणूस त्या ब्रेकलाही मुकतो आणि संध्याकाळपर्यंत का चिडला ते त्याला कळत नाही.

चौथं काम दिवसाचा हिशेब. मनात फिरणाऱ्या गोष्टी आता फिरून कुठे टेकत नाहीत, म्हणून अंथरुणात चालू राहतात. वहीत दोन ओळी: आज काय खटकलं, उद्या पहिलं काम कोणतं. दोनच. रोजनिशी करायला गेलात तर आठवड्यात बंद पडेल.

आणि जागा थोडी बदला. तीच बाल्कनी, पण उजवा कोपरा आणि बसायला स्टूल. ती मोगऱ्याची कुंडी अजून तिथेच असेल तर ती घासून त्यात काही लावा किंवा सरळ काढून टाका. राखेचा वास ओल्या मातीत बराच टिकतो आणि पावसाळ्यात वर येतो.

गोळीवाला

वृंदाताईंनी मनाचं सांगितलं, मी चहाचं सांगतो. माझं औषधांचं दुकान आहे, हे गिऱ्हाइकांना रोज सांगतो आणि कुणाला खरं वाटत नाही.

सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताचं एक एन्झाइम जोरात चालवतात. तेच एन्झाइम कॅफीन मोडतं. म्हणून ओढणाऱ्याच्या रक्तातून कॅफीन न ओढणाऱ्याच्या जवळपास दुप्पट वेगाने जातं. सिगारेट बंद झाली की साधारण आठवड्याभरात एन्झाइम मंदावतं. चहा तेवढाच, पण तो अंगात दुप्पट वेळ राहतो. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही, त्यामुळे निकोटीनचा गम किंवा पॅच चालू असला तरी होतंच.

कटिंगराव, साडेदहाचा तो अर्धा कप पूर्वी तुम्हाला चालायचा, कारण शरीर तो झटपट मोडत होतं. आता तोच कप एक-दीडपर्यंत जागा ठेवतोय. त्यात हुरहुर, छाती धडधडणं, उगाच अस्वस्थ वाटणं हे सगळं कॅफीनने होतं आणि माणूस समजतो सिगारेटची आठवण येतेय. दिवसाचा एकूण चहा-कॉफी निम्म्यावर आणा, दुपारी तीननंतर बंद. एकदम तोडू नका, डोकं दुखेल. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी. दोन आठवड्यांत झोप सुधारली तर समजा तुमच्या दुःखातला बराच भाग चहाचा होता.

जाता जाता: हेच एन्झाइम काही औषधंही मोडतं. मानसिक आजारांवरचं ओलांझापीन, क्लोझापीन, दम्यासाठीचं थिओफायलीन यातलं काही घरात कुणी घेत असेल आणि सिगारेट सोडत असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, डोस बदलावा लागू शकतो.

बापूसाहेब

म्हणजे शेवटी चहाच निघाला. मी म्हटलं होतं, झोपा.

निशाचर

वृंदाताईंचं चार कामांचं पटलं. पण एक शंका. यात सिगारेटची बाजू फार गोड झाली. एकटेपणाचा परवाना, हिशेब, श्वास. असं वाचून उद्या कुणी पुन्हा सुरू करेल. माझं निरीक्षण असं की सोडलेल्या लोकांना रोजच्या बारा सिगारेटी आठवत नाहीत, तीनच आठवतात: रात्रीची, जेवणानंतरची आणि जुन्या मित्राबरोबरची. उरलेल्या नऊंचं काय?

वृंदा_स

निशाचर, हा मुद्दा मोलाचा आहे आणि तोच पुढचा टप्पा. कटिंग, एका कागदावर तुमच्या जुन्या एका दिवसातल्या बाराही सिगारेटी क्रमाने लिहा. वेळ, जागा, आणि कशी होती ते तीन शब्दांत. साधारण असं निघतं: सकाळी संडासच्या आधीची, खोकत. पार्किंगमधली घाईत, अर्धी टाकलेली. मीटिंगआधीची, नंतर तोंडात च्युइंगम कोंबून. पावसात टपरीच्या पत्र्याखाली, ओली झालेली. दुपारी डोकं दुखत असतानाची. पाकिटात एकच उरली म्हणून रात्री साडेनऊला खाली उतरून आणलेली. रोज बारा म्हणजे वर्षाला चार हजार तीनशे ऐंशी. त्यातली बाल्कनीतली तीनशे पासष्ट. आठवणीत मात्र सगळं वर्ष बाल्कनीतच गेलेलं असतं.

याचा अर्थ बाल्कनीतली वाईट होती असा नाही. ती चांगली होती हे मान्य करा, नाहीतर मन हट्टाला पेटतं. फक्त ती एकटी कधीच मिळत नव्हती, बाकीच्या अकरा घेऊनच यायची. 'दिवसाला एकच, रात्रीची' असा करार करून पाहिलेले लोक आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा दहावर कसे जातात ते याचमुळे.

मग निरोपाचं पत्र. समुपदेशनात ही जुनी रीत आहे. हाताने, वीस मिनिटं, एकाच बैठकीत. तिने काय दिलं, तिने काय नेलं, आणि ती देत होती त्यातलं मी आता स्वतः काय घेणार. चुकतं कुठे, तर लोक पहिला भाग गाळून नुसत्या शिव्या लिहितात. असं पत्र लिहून हलकं वाटत नाही, कारण ते अर्धं असतं. दुसरी चूक म्हणजे रोज काढून वाचणं. एकदा कुणासमोर मोठ्याने वाचायचं, मग ठेवून द्यायचं.

निशाचर

पत्र मला नाटकी वाटतं. बारा सिगारेटींची यादी मात्र झकास. मी तेवढ्यावर थांबलो असतो.

वृंदा_स

थांबा खुशाल. पत्र सगळ्यांनाच लागत नाही. लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाला मी कधी आग्रह करत नाही.

पुणे_३०_वाली

वृंदाताई, हे दुःख आहे की डिप्रेशन हे कसं ओळखायचं? माझ्या भावाने सोडली तेव्हापासून तो कशातच नसतो.

वृंदा_स

सोबत गेल्याचं दुःख ठरावीक वेळी, ठरावीक जागी भरून येतं आणि ओसरतं. मधल्या वेळात माणूस जेवतो, हसतो, मॅच बघतो. दिवसभर, जवळपास रोज, दोन आठवडे उदास आहे, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींतही गोडी उरली नाही, झोप-भूक बिघडली, स्वतःला दोष देतोय, तर ते सिगारेटच्या दुःखात टाकून मोकळं होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. ज्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलंय त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्याच दिवशी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो. आणि त्याला 'मग ओढ बाबा एक' असं कुणी म्हणू नका. सोडल्यानंतर काही आठवड्यांनी बहुतेकांचं मन ओढत असतानापेक्षा बरं असतं, वाईट नाही.

अर्धा_कटिंग

माझं तसं नाही, मॅच बघतो आणि हरल्यावर शिव्याही देतो. चहा सातवरून पाचवर आणलाय, साडेदहाचा बंद. बायकोला ते वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच होतं तर वीस वर्षं सिगारेट कशाला लागली?" उत्तर नव्हतं.

बारांची यादी केली. आठवी आठवेना. म्हणजे रोज ओढत होतो आणि कशी होती ते ठाऊकच नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे या. फॉर्मवर काय लिहू? आणि गणपतीत कोकणात जायचंय. तिथे ओट्यावर भजन झालं की चुलतभाऊ पाकीट पुढे करतात. 'सोडली' म्हटलं की हसतात.

गोळीवाला

फॉर्मचं सोपं आहे, तिथे तुमची ओळख विचारत नाहीत, इतिहास विचारतात. डॉक्टरांच्या फॉर्मवर 'पूर्वी ओढत होतो' आणि किती ते लिहा. डॉक्टर लोक हिशेब करतात तो असा: रोजच्या सिगारेटी भागिले वीस, गुणिले वर्षं. तुमचे बारा भागिले वीस गुणिले वीस, म्हणजे बारा. आपल्याकडे पाकीट दहाचं जास्त खपतं म्हणून लोक दहाने भागतात आणि आकडा दुप्पट येतो. हिशेब वीसच्या पाकिटाचा आहे. विम्याच्या फॉर्मवर किती महिन्यांपूर्वीपर्यंतचं विचारलंय ते नीट वाचून खरं तेच लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.

वृंदा_स

ओळखीचं थोडं सविस्तर. 'सोडली आहे' आणि 'मी ओढत नाही' यांचे परिणाम वेगळे होतात. अनोळखी माणसाला, ऑफिसातल्या नव्या माणसाला 'सोडली आहे' म्हटलं की बोलणं सुरू होतं: कधी, कशी, मग आता एक घ्यायला काय हरकत. 'मी ओढत नाही' म्हटलं की विषय तिथेच मिटतो. जो तुम्हाला ओढताना कधी बघितलेला नाही त्याच्याशी हे वाक्य आधी वापरून बघा. तुमच्या तोंडून ते तुम्हाला स्वतःला ऐकू यायला हवं. पहिल्या काही वेळा खोटं वाटेल. आज ओढली नाही, उद्या ओढायची नाही, मग त्यात खोटं काय?

चुलतभावांना हे चालणार नाही, ते खरोखरच हसतील. तिथे 'सोडली रे, आता नाही' एवढंच, आणि लगेच दुसरं काहीतरी. कारणं द्यायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखतं, मुलगी रागावते, यातलं काहीही सांगितलं की त्यावर वाद घालता येतो. कारणच नसेल तर वाद कशावर घालणार? हातात चहाचा ग्लास असू द्या आणि पाकीट निघालं की पेटी-तबला उचलून आत ठेवायला उठा. दहा मिनिटांत ओट्यावरची सिगारेट संपलेली असते.

गणपतीबद्दल मुख्य गोष्ट वेगळीच आहे. तो ओटा तुम्ही सिगारेटशिवाय अजून एकदाही बघितलेला नाही. घरची बाल्कनी निवळली म्हणून ओटा निवळलेला असेल असं नाही, शिकलेलं जागेला चिकटून असतं. इतक्या महिन्यांनी तिथे पहिल्या आठवड्यासारखी सणसणीत तलफ आली तर 'आपण जिथे होतो तिथेच' असं समजू नका. ती त्या ओट्यापुरती आहे, आणि काही मिनिटांत ओसरते. सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात असे बरेच प्रसंग असतात: पहिला मुसळधार पाऊस, पहिला लांबचा प्रवास, पहिलं लग्न, पहिली मयत. कॅलेंडर काढून आधीच खुणा करून ठेवा.

बापूसाहेब

म्हणजे वर्षश्राद्ध घालूनच सुटका. पण हे कॅलेंडरचं मला पटलं. माणसं पहिल्या महिन्यात सावध असतात आणि सातव्या महिन्यात लग्नात पडतात, हे पाहिलंय.

निशाचर

एका गोष्टीवर मी वृंदाताईंशी सहमत नाही. 'मी ओढत नाही, मी नॉन-स्मोकर' हे जितकं पक्कं कराल तितकं ते एका झुरक्याने फुटतं. लग्नात एक ओढली की माणूस म्हणतो, झालं, होतं ते सोंग गळलं, आणि घरी जाताना पाकीट घेतो. त्यापेक्षा 'मी ओढणारा होतो, अजून आत आहे, आज ओढत नाही' असं धरून चालणं मला जास्त टिकाऊ वाटतं.

वृंदा_स

एका झुरक्यानंतर 'आता सगळंच गेलं' असं वाटून पाकीट घेणं, हे खरंच होतं, आणि मूळ झुरक्यापेक्षा जास्त नुकसान त्या विचाराने होतं. पण 'आत अजून आहे' असं बरीच वर्षं धरून चालणाऱ्यांचा एक तोटा असा की ते कायम पहाऱ्यावर असतात, आणि थकले की पहारा सुटतो. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. नियम कडक: एकही झुरका नाही, कुणाचाही, कधीही. आणि चुकून झालंच तर काय करायचं ते आधी ठरलेलं: हातातली तिथेच विझवायची, दुसरी कुणाकडून घ्यायची नाही, त्या जागेवरून निघायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुठे, कुणाबरोबर, कशानंतर झालं ते लिहायचं. ओळख पुसायची नाही. शाकाहारी माणसाच्या ताटात चुकून रस्सा आला म्हणून तो दुसऱ्या दिवशी मटणाच्या दुकानात रांगेत उभा राहत नाही.

निशाचर

शाकाहाऱ्याला रश्श्याची आठवण येत नसते, हा फरक आहे. असो, यावर आपलं जमणार नाही.

अर्धा_कटिंग

मला दोन्ही पटतंय, ही अडचण. अजून एक. स्वप्नात ओढतो. अगदी चव लागते. जागा झालो की अपराधी वाटतं आणि मग पूर्ण जागा झालो की सुटल्यासारखं.

वृंदा_स

हे सोडलेल्यांमध्ये फार सामान्य आहे. १९९१मध्ये पीटर हायेक यांनी यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. अशी स्वप्नं सिगारेट सोडल्यामुळेच पडतात, ओढत असताना जवळपास पडत नाहीत, आणि ज्यांना ती पडतात ते परत ओढायला लागण्याची शक्यता जास्त असते असं काही त्यात दिसलं नाही, उलटच दिसलं. स्वप्नात अपराधी वाटलं यात तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर आहे. सुट्टेवाल्याला स्वप्नात सिगारेट ओढल्याचं अपराधी का वाटेल?

पुणे_३०_वाली

टपरीचं काय करायचं? भाऊ म्हणतो टपरीवर नाही गेलो तर मित्रच राहणार नाहीत.

गोळीवाला

पहिला महिना नको. नंतर जा, पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं नाही, चहाच्या बाजूला उभं राहायचं. आणि टपरीवर पैसे देताना सुटे उरले की 'त्याचंच एक दे' हे तोंडातून निघतं, म्हणून पैसे यूपीआयने, चहापुरते. महाराष्ट्रात २०२०पासून सुटी विक्री बंद आहे म्हणे. टपरीवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वृंदा_स

मी यात जरा कडक आहे. जी मैत्री टपरीशिवाय उभी राहत नाही तिला दुसऱ्या जागी बोलावून बघावं, शनिवारी मिसळ, क्रिकेट, काहीही. काही मित्र येतात, काही येत नाहीत. न येणाऱ्यांचं दुःखही सिगारेटच्या दुःखातच मिसळलेलं असतं. ते वेगळं काढलं की कळतं, आठवण नेमकी कुणाची येते.

कोल्हापूरची_माई

माझं कुणी वाचलं नाही वाटतं.

वृंदा_स

वाचलं माई, राहून गेलं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटीन हिरड्यांतून जातं. डबी लपवू नका. दोन दिवस न जेवणं हे नुसतं रुसणं नसेल, तंबाखू एकदम तुटली की शरीरालाही त्रास होतो, बद्धकोष्ठता आणि डोकेदुखीही होते. दिवसातून किती वेळा लावतात ते आठवडाभर मोजा, मग सकाळची ठेवून आधी बाकीच्या कमी करा, सकाळची सगळ्यात शेवटी. निकोटीन गम द्यायचा तर त्या वयात दातांचं आणि हृदयाचं डॉक्टरांना विचारूनच. आणि पायरीवरचा तो अर्धा तास त्यांना तसाच राहू द्या, कुणी बोलवायचं नाही.

गोळीवाला

गमबद्दल एक. आमच्याकडे दहातले आठ जण 'गमने उचक्या लागतात, मळमळतं' म्हणून परत येतात, कारण ते तो चिंगमसारखा चावतात. दहा-बारा वेळा हळू चावायचा, जीभ झिणझिणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चव गेली की पुन्हा. अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन तोंडातून नीट जात नाही. सासूबाईंच्या दातांनी हे जमणार नसेल तर गमचा नाद सोडा. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे, नुसत्या सिगारेटसाठी नाही, मिश्री-गुटखा सगळ्यासाठी. फोन लागला की मराठी हवं असं सुरुवातीलाच सांगा.

कोल्हापूरची_माई

त्या फोनवर बोलणार नाहीत. मी बोलले तर चालेल का?

वृंदा_स

चालेल. आधी तुम्ही बोला, काय विचारतात ते कळेल. मग त्यांच्याजवळ पायरीवर बसून फोन स्पीकरवर ठेवा, आणि सकाळी नको, मिश्री लावून झाल्यावर तासाभराने.

अर्धा_कटिंग

कोकणातून आलो की लिहितो. ओट्याच्या वेळी पेटी उचलायची हे आधीच सांगून ठेवलंय. चुलतभाऊ म्हणतोय, पेटी तर दरवर्षी तोच उचलतो, मी तबला घ्यावा.